सतरा खेळ्या आणि चार थांबे

मुलांनो, बुद्धिबळाचा डाव समजावून सांगणारे व्हिडिओ तुमच्यापैकी बरेच जण पाहतात. सुरुवातीला मजा येते. मग बोलणारे काका किंवा ताई एकदम वेग घेतात. ‘इथे घोडा असा गेला असता तर उंट तसा, मग हत्ती तिकडे, पण त्याऐवजी वजीर इकडे...’ पटावरची मोहरी भराभर पळतात आणि मूळ डाव कुठे राहिला तेच कळेनासं होतं. तुम्ही व्हिडिओ बंद करता आणि मनात म्हणता, ‘मलाच जमत नाही.’ पण बहुतेक वेळा दोष तुमचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो. व्हिडिओत बोलायचा मजकूर, म्हणजे संहिता, नीट लिहिली नाही की असं होतं.

शाळा सुटल्यावर आमच्याकडे बुद्धिबळाचा वर्ग भरतो. तिथली मोठी मुलं छोट्यांसाठी असे व्हिडिओ बनवतात. मोहऱ्यांच्या चाली येतात, क्लबात थोडंफार खेळतात, पण लांबलचक आकडे-अक्षरं वाचायचा कंटाळा येतो, अशी त्यांची प्रेक्षकमंडळी. आज आपण अशी एक संहिता लिहायला बसू या. पट जवळ असेल तर मांडूनच घ्या.

डाव निवडू या जुना आणि जगप्रसिद्ध. साल १८५८, गाव पॅरिस. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा पॉल मॉर्फी हा २१ वर्षांचा तरुण तिथल्या ऑपेरागृहात पाहुणा म्हणून बसला होता. त्याच्यासमोर ब्रन्सविकचा ड्यूक कार्ल आणि काउंट इसुआर हे दोन बडे लोक. दोघं मिळून, आपसात विचार करून काळी मोहरी खेळत होते. मॉर्फी एकटा पांढऱ्या बाजूने. सतराव्या खेळीला मात झाली! या डावाला ‘ऑपेरा डाव’ म्हणतात.

सतरा खेळ्यांचा डाव म्हणजे छोटाच. तरीही सतराच्या सतरा खेळ्यांवर बोलायचं नाही, हा आपला पहिला नियम. मग कुठे थांबायचं? मी मुलांना एकच कसोटी सांगते. ‘जिथे तू स्वतः वेगळी खेळी केली असतीस, तिथे थांब.’ पाहणारा मनात एक खेळी धरून बसलेला असतो आणि पटावर दुसरीच होते. त्या क्षणी त्याला ‘का बरं?’ असा प्रश्न पडतो. संहिता त्या प्रश्नाचं उत्तर असते. या कसोटीने ऑपेरा डावात चार थांबे निघतात. बाकीच्या खेळ्या पटावर होऊ द्यायच्या आणि एका वाक्यात पुढे जायचं.

आता मोहऱ्यांची नावं. पुस्तकात शेवटच्या दोन खेळ्या अशा लिहिलेल्या असतात: 16.Qb8+ Nxb8 17.Rd8#. लिहून ठेवायला ही पद्धत उत्तम, पण कानाने ऐकताना डोक्यात चित्र उभं राहत नाही. म्हणून हे पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असू द्या आणि तोंडाने घरगुती भाषा बोला. पटाचे दोन भाग: राजाकडची बाजू आणि वजिराकडची बाजू. मग ‘राजाकडचा घोडा’, ‘वजिराकडचा हत्ती’, ‘उंटासमोरचं प्यादं’ असं म्हटलं की पुरतं. घोडा पुढे कुठेही गेला तरी त्याचं नाव तेच ठेवायचं. नाहीतर वर्गात हमखास आवाज येतो, ‘बाई, कुठला घोडा?’ हा प्रश्न आला की समजावं, त्या वाक्यात नाव कच्चं राहिलंय.

सुरुवातीच्या सहा खेळ्या संहितेत अशा उरकता येतात:

“दोघांनी राजासमोरची प्यादी पुढे केली. काळ्याने घाईने एक उंट बाहेर काढला आणि लगेच तो पांढऱ्याच्या घोड्याच्या बदल्यात देऊन टाकला. आता पांढऱ्याचा वजीर आणि एक उंट मैदानात आहेत, काळ्याचा एकटा राजाकडचा घोडा.”

झालं! आता पहिला थांबा.

पहिला थांबा: फुकटचं प्यादं

सातव्या खेळीत मॉर्फीने वजीर बाजूला नेला. तिथून तो दोन प्याद्यांवर डोळा ठेवून आहे. एक, काळ्याच्या वजिराकडच्या घोड्यासमोरचं प्यादं. दुसरं, राजाकडच्या उंटासमोरचं प्यादं, ज्याच्यावर पुढचा उंट आणि मागचा वजीर एकाच तिरक्या रेषेत रोखलेले आहेत. या दुसऱ्या प्याद्याला फक्त राजाचा आधार, म्हणून काळ्याने वजीर राजासमोर आणून ते सांभाळलं. पहिलं मात्र उघडं राहिलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? पटकन खाल्लं असतं, हो ना? मॉर्फीने खाल्लं नाही. त्याने घोडा बाहेर काढला. इथे संहिता अशी:

“थांबा! हे प्यादं फुकट आहे. पांढऱ्याने घ्यावं का? व्हिडिओ थांबवा आणि विचार करा.”

(पाच सेकंद शांतता. पटावर एकही बाण नाही.)

“घेतलं, तर काळ्याचा वजीर इथून शह देतो. आणि बघा, तो शह देता देता पांढऱ्या वजिरावरही चालून आलाय. मग वजिराने वजीर मारावाच लागतो. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त राहील, पण हल्ल्यातला मुख्य गडी पटावरून जाईल. मॉर्फीला ते नको होतं. त्याने आणखी एक मोहरा कामाला लावला.”

यात ‘असं झालं असतं तर’ ही वाट एकच आहे आणि ती तीन खेळ्यांत संपते. प्रत्येक थांब्याला अशी एकच आडवाट. दुसरी वाट कितीही सुंदर असली तरी वहीत ठेवायची. शिवाय आडवाट दाखवताना पटाच्या कडेचा रंग बदलायचा आणि परत येताना मोठ्याने म्हणायचं, “चला, मूळ डावाकडे.” कडेचा रंग पुन्हा पहिल्यासारखा झाला की अगदी लहान मुलालाही कळतं की आपण घरी परतलो.

शांततेत पटावर बाण नाही, हेही ध्यानात ठेवा. प्रश्न विचारायचा आणि हिरवा बाण दाखवत राहायचं म्हणजे गणिताच्या पेपरात खाली उत्तर छापण्यासारखं आहे.

दुसरा थांबा: चुकीच्या खेळीलाही कारण असतं

आता नववी खेळी. मॉर्फीने दुसरा उंटही बाहेर काढला आणि काळ्याचा राजाकडचा घोडा अडकवला. तो घोडा हलला तर मागचा वजीर उंटाच्या तोंडी येतो. इथे पट क्षणभर स्थिर ठेवा आणि मोजायला लावा. पांढऱ्याचे वजीर, दोन उंट आणि घोडा असे चार मोहरे बाहेर. काळ्याचे वजीर आणि घोडा असे दोनच. चार विरुद्ध दोन! सगळ्या व्हिडिओत आकडे सांगायचे ते एवढेच. या एका मोजणीत डावाचं सार आलं.

अशा वेळी काळ्याने काय केलं? वजिराकडचं एक प्यादं दोन घरं पुढे ढकललं. पहिल्या थांब्याला मॉर्फीने न खाल्लेलं तेच प्यादं! ही खेळी चुकली. पण संहितेत नुसतं ‘काळ्याने इथे चूक केली’ असं लिहू नका. ऐकणारा म्हणेल, ‘ते बडे लोक होते, त्यांना कळत नव्हतं, मला कळतं.’ आणि उद्या क्लबात तो स्वतः तीच खेळी करेल. म्हणून आधी त्या खेळीचं कारण सांगायचं आणि मग दोष.

“काळ्याचा विचार चांगला होता. प्याद्याने उंटाला हुसकायचं. उंट मागे गेला की आपल्याला एक खेळी फुकट मिळेल. आपण सगळेच असं करतो. पण हा विचार खरा ठरतो तो उंट मागे गेला तर! मॉर्फीचा उंट मागे गेलाच नाही. त्याने घोड्याने ते प्यादं मारलं. काळ्या प्याद्याने घोडा मारला. आणि उंटाने ते प्यादंही मारलं, तेसुद्धा शह देऊन.”

“हिशोब करा. पांढऱ्याने एक घोडा दिला, दोन प्यादी घेतली. तराजूत पांढऱ्याला थोडा तोटा. मग मिळालं काय? काळ्या राजाच्या समोरची भिंत पडली. आणि राजा अजून मधल्या घरातच उभा आहे.”

इथली एक आडवाट सांगण्याजोगी आहे. काळ्याने घोडा मारण्याऐवजी वजिराने शह दिला असता तर वजिरांची अदलाबदल झाली असती. एक प्यादं गेलं असतं, पण राजावरचा हल्ला विझला असता. पहिल्या थांब्याला जो शह मॉर्फीने टाळला, तोच इथे काळ्याच्या हाताशी होता आणि त्याला तो दिसला नाही. प्रेक्षकाला तो शह ओळखीचा झालेला असतो, म्हणून ही आडवाट समजायला जड जात नाही. थांबे निवडताना असे एकमेकांत गुंतलेले मिळाले तर सोडू नयेत.

तिसरा थांबा: दोन बांधलेले घोडे

उंटाच्या शहाला काळ्याने वजिराकडचा घोडा आडवा घातला. आता काळ्याचे दोन्ही घोडे बांधलेले आहेत, पण बांधण्यात फरक आहे. एकाच्या मागे वजीर आहे. तो घोडा हलू शकतो, पण वजीर गमवावा लागतो. दुसऱ्याच्या मागे राजा आहे. तो हलूच शकत नाही, नियमच तसा आहे. मी वर्गात म्हणते, पहिला घोडा दोरीने बांधलाय, दुसरा साखळीने. हा फरक संहितेत स्पष्ट आला नाही तर पुढचं काहीच समजत नाही. म्हणून इथे घाई नको.

मग मॉर्फीने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं. एका खेळीत दोन कामं झाली. राजा सुरक्षित झाला आणि हत्ती थेट त्या साखळीच्या घोड्यासमोर आला. काळ्याने आपला हत्ती घोड्याच्या मागे आणून त्याला आधार दिला. इथे बहुतेक मुलं पांढऱ्याकडून दुसरा हत्ती आणू पाहतात. ते वाईट नाही. पण मॉर्फीने हत्तीने घोडाच मारला!

“हत्तीची किंमत पाच प्यादी, घोड्याची तीन. मग हा सौदा का? काळ्याने परत कशाने मारायचं ते पाहू. वजिराने मारलं तर उंट वजीर खातो. दोरीच्या घोड्याने मारलं तर दुसरा उंट मागचा वजीर खातो. उरला हत्ती. काळ्याने हत्तीने मारलं, आणि आता तो हत्ती साखळीत अडकला. मॉर्फीने लगेच त्याच्यासमोर आपला दुसरा हत्ती आणला. पांढऱ्याकडे आता एकही मोहरा झोपलेला नाही. काळ्याचा एक उंट आणि एक हत्ती मात्र अजून पहिल्याच घरात आहेत.”

इथे पडद्यावर बाण किती? दोनच. ज्याची धमकी आहे त्याचा लाल, ज्याची योजना आहे त्याचा हिरवा. मुलांना बाण काढायला फार आवडतं. एकदा एका पाचवीतल्या मुलाने एकाच चित्रावर सात बाण काढले. त्याला म्हटलं, ‘आता यात तुझा राजा शोधून दाखव.’ त्याने स्वतःच पाच बाण पुसले. तिसरा बाण हवा असेल तर पहिला पुसायचा, हा साधा नियम. आणि बाण आधी, शब्द मागून. डोळा पोचल्यावर कानावर नाव पडलं की ते चिकटतं.

चौथा थांबा: एकाच घोड्याच्या दोन उड्या

काळ्याने वजीर एक घर पुढे घेतला. त्यामुळे दोरी सुटली आणि राजाकडचा घोडा मोकळा झाला. शिवाय वजिरांची अदलाबदलही देऊ केली. खेळी समंजस आहे, पण उशीर झाला होता. मॉर्फीने उंटाने हत्ती मारून शह दिला. काळ्याने त्याच मोकळ्या घोड्याने उंट मारला. आणि मग मॉर्फीने आपला वजीर काळ्याच्या अगदी शेवटच्या ओळीत, घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. शह!

इथे बहुतेक व्हिडिओंत बोलणारे ‘वा! काय अप्रतिम बलिदान!’ म्हणतात आणि मात दाखवून मोकळे होतात. ऐकणाऱ्याला चकित झाल्यासारखं वाटतं, पण हाताला काही लागत नाही. आपण असं लिहू:

“वजीर फुकट दिला? आधी पाहू, काळा दुसरं काही करू शकतो का. राजाला सरकायला एकच घर आहे, पण तिथे पांढऱ्या उंटाची नजर आहे. मध्ये आडवं घालायला मोहरा नाही. वजीर आला असता, पण त्याची वाट त्याच्याच घोड्याने अडवलीय. म्हणजे घोड्याने वजीर मारायलाच हवा.”

“आता या घोड्याच्या दोन उड्या आठवा. पहिली उडी त्याने उंट मारायला घेतली. तो जागेवरून उठला आणि मागे लपलेली तिरकी वाट पांढऱ्या उंटाला मोकळी झाली. दुसरी उडी वजीर मारायला. तो पुन्हा उठला आणि उभी वाट पांढऱ्या हत्तीला मोकळी झाली. हत्ती सरळ शेवटच्या ओळीत. शह आणि मात! हत्तीला उंटाचा आधार आहे, म्हणून राजा त्याला मारू शकत नाही.”

मॉर्फीकडे शेवटी काय उरलं? राजा आणि प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा असं सगळं. पण त्यातला हत्ती आणि उंट सतरा खेळ्यांत एकदाही हलले नव्हते. दुसऱ्या थांब्याला केलेली ‘चार विरुद्ध दोन’ ही मोजणी इथे पुन्हा एका वाक्यात आठवून द्या आणि संहिता संपवा. वेगळं तात्पर्य लिहायची गरज नाही.

आता संहिता तपासायची कशी ते सांगते. एक, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मी वाचते तेव्हा मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. आठ मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे आठशे शब्द, आणि त्यातून शांततेचे क्षण वजा. जास्त होत असेल तर थांबे कमी करा, वेग वाढवू नका. दोन, घरातल्या एखाद्याला पटासमोर बसवा आणि तुम्ही पाठ करून नुसतं वाचा. त्याला तुमच्या बोलण्यावरून मोहरी बरोबर हलवता आली की नावं पक्की. तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हिडिओ संपल्यावर ऐकणाऱ्याला विचारा, ‘काळ्याने प्यादं पुढे का केलं होतं?’ त्याने ‘उंटाला हुसकायला’ असं उत्तर दिलं, तर तो पुढच्या वेळी स्वतःचं प्यादं ढकलण्याआधी पाहील की उंट खरंच मागे जाईल का. त्याने नुसतं ‘वजीर दिला, काय भारी!’ असं म्हटलं, तर दुसरा थांबा पुन्हा लिहायला घ्या.

पालकांनो, तुम्हाला बुद्धिबळ येत नसेल तर फारच छान. या परीक्षेला तुमच्यासारखा माणूसच हवा. फक्त समजलं नाही तिथे ‘हो, हो’ म्हणू नका. ‘कुठला घोडा?’ असं बिनधास्त विचारा.

आणि मुलांनो, आज मी एक जागा मुद्दाम घाईने ओलांडली. सुरुवातीला काळ्याचा उंट पांढऱ्याच्या राजाकडच्या घोड्यावर रोखलेला होता. पांढऱ्याने मधल्या प्याद्याने काळ्याचं प्यादं मारलं. काळ्याने ते लगेच परत मारलं नाही. आधी उंट देऊन घोडा घेतला आणि मग मारलं. का? पट मांडा, लगेच परत मारून पाहा आणि कोणाचे वजीर समोरासमोर येतात ते बघा. मग या जागेसाठी पाच-सहा वाक्यांची संहिता लिहा: एक प्रश्न, एक शांतता, एक आडवाट. अट एकच, एकही आकडा-अक्षर बोलायचं नाही.